मशीनवाले १.७५ टक्के म्हणाले आणि कापले २.०६: मधला फरक कुठून आला?

प्रश्न: सातारा जिल्ह्यात माझं मिक्सर, पंखे, गिझरचं दुकान आहे. उलाढाल वर्षाला ८५ लाखांच्या आसपास. कार्ड मशीन देताना माणूस १.७५ टक्के म्हणाला होता. मागच्या महिन्यात फी लागलेली विक्री ३ लाख झाली आणि ६,१७१.४० रुपये कापले, म्हणजे २.०६ टक्के. स्टेटमेंटमधल्या बेरजा अशा: व्हिसा-मास्टरकार्ड डेबिट ८०,००० वर ७२०, साधं क्रेडिट १,४०,००० वर २,४५०, प्रीमियम क्रेडिट ५०,००० वर १,२००, यूपीआयवरचं रुपे क्रेडिट २०,००० वर ३५०, वॉलेट १०,००० वर ११०, जीएसटी ८६९.४०, मशीनचं भाडं जीएसटी धरून ४७२. शिवाय बँक खात्यातून आलेलं यूपीआय आणि रुपे डेबिट मिळून आणखी ३ लाख, त्यावर शून्य. `Interchange` नावाचा रकाना आहे पण रिकामा. हे फसवतायत का? की मी क्रेडिट कार्डवाल्याकडून सरळ २ टक्के जास्त घेऊ?

उत्तर: बेरजा दिल्यात हे फार बरं केलंत. बहुतेक जण फक्त ‘जास्त कापले’ एवढंच लिहितात आणि मग अंदाजपंचे बोलावं लागतं. मी अकरा वर्षं एका बँकेच्या मर्चंट विभागात होतो. आता दुकानदारांची सेटलमेंट जुळवून देतो, म्हणजे पूर्वी जे कापायचो ते आता तपासतो.

तुमचा खरा पेच टक्क्याचा नाही. तुम्ही पाच वेगवेगळ्या फिया, एक कर आणि एक भाडं एकत्र करून त्यांची तुलना एका आकड्याशी करताय. तो १.७५ फक्त साध्या क्रेडिट कार्डाचा दर होता. तुमच्या करारात दरांचा तक्ता जोडलेला असेल, बहुतेक शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरात. तो काढा आणि स्टेटमेंटची एकेक ओळ त्याच्यासमोर ठेवा.

त्याआधी रिकाम्या रकान्याबद्दल, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

समजा एका गिऱ्हाइकानं १०,००० चा गिझर साध्या क्रेडिट कार्डावर घेतला. कार्ड देणारी बँक एक, तुम्हाला मशीन देणारी बँक किंवा कंपनी दुसरी, आणि मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांचं जाळं. १.७५ टक्के म्हणजे १७५ रुपये या तिघांत वाटले जातात. वाटणी कळावी म्हणून मी आकडे धरून चालतो, तुमचे प्रत्यक्ष आकडे वेगळे असतील: १४० कार्डवाल्या बँकेचे, १० जाळ्याचे, २५ मशीनवाल्याचे. यातले १४० म्हणजे इंटरचेंज. त्याचं बिल कुणी कुणाला पाठवत नाही. कार्डवाली बँक १०,००० द्यायच्या ऐवजी ९,८६० च पुढे सरकवते. मशीनवाल्याच्या हातात येतात तेच तेवढे. मग तो जाळ्याचे १० भरतो, स्वतःचे २५ ठेवतो, १७५ वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३१.५० लावतो आणि तुमच्या खात्यात ९,७९३.५० टाकतो.

कार्डवाली बँक एवढा मोठा वाटा का घेते? तिनं गिऱ्हाइकाला महिना-दीड महिना बिनव्याजी पैसे वापरायला दिलेत, बुडवले तर तिचेच बुडणार, आणि वर पॉइंट आणि विमानतळावरच्या लाउंजची सोयही तिलाच पुरवायची असते. म्हणून कार्ड जितकं भारी तितकं इंटरचेंज जास्त. थोडक्यात, गिऱ्हाइकाच्या लाउंजमधल्या चहाचे पैसे काही प्रमाणात तुमच्या गिझरमधून जातात.

इंटरचेंज मशीनवाला ठरवत नाही. ते जाळं ठरवतं. कार्डाचा प्रकार, दुकानाचा वर्ग, कार्ड समोर मशीनला लावलं की लिंक पाठवून पैसे घेतले, कार्ड भारतातलं की परदेशी, यावर ते बदलतं. मशीनवाल्याच्या हातात फक्त ते २५ रुपये. घासाघीस होते ती एवढ्याचीच. म्हणून ‘१.७५ चा १.२५ करा’ म्हणून भांडणाऱ्या दुकानदाराला तिथला माणूस हसून चहा पाजतो आणि दर आहे तोच ठेवतो.

तुमचा रकाना रिकामा आहे कारण तुमचा करार बांधलेल्या दरांचा आहे, एका प्रकारच्या कार्डाला एक दर. आत वाटणी कशीही झाली तरी तुम्हाला तोच दर. मोठ्या साखळी दुकानांना ‘इंटरचेंज अधिक जाळ्याची फी अधिक आमचं कमिशन’ असं तीन तुकड्यांत बिल मिळतं आणि त्यांचा हा रकाना भरलेला असतो. रकाना रिकामा असणं म्हणजे लबाडी नव्हे. पण त्यामुळे मशीनवाला प्रत्येक व्यवहारात किती कमावतो हे तुम्हाला दिसत नाही, हे खरं.

एक ओळ मात्र याला अपवाद आहे, आणि ती तुमच्याकडेच आहे: वॉलेटची. वॉलेटमधून यूपीआयच्या क्यूआरवर २,००० च्या वर पैसे आले तर त्यावरचं इंटरचेंज यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ एप्रिल २०२३ पासून जाहीर करून ठेवलंय. दुकानाच्या वर्गानुसार ते ०.५ ते १.१ टक्के आहे: पेट्रोल पंपाला ०.५, सुपरमार्केटला ०.९, आणि ज्यांना वेगळा वर्ग दिलेला नाही त्यांना १.१. तुमचे १०,००० वर ११० म्हणजे बरोबर १.१. याचा अर्थ इथे मशीनवाल्यानं स्वतःचं काहीच लावलेलं नाही, इंटरचेंज जसंच्या तसं तुमच्यावर उतरवलंय. फक्त एवढं तपासा की त्या १०,००० मधले सगळे व्यवहार २,००० च्या वरचे आहेत ना. त्याखालच्या वॉलेट-यूपीआय व्यवहाराला हे इंटरचेंज नाही. (वॉलेट कंपनीच्या स्वतःच्या जुन्या क्यूआरवर पैसे घेत असाल तर गोष्ट निराळी. तिथे त्या कंपनीशी झालेला करार चालतो.)

आता तुमच्या बाकीच्या ओळी.

डेबिटची ओळ ठीक आहे. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डावर कमाल मर्यादा घातली आहे. आधीच्या आर्थिक वर्षात उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर ०.४० टक्के, त्यावर असेल तर ०.९० टक्के, आणि एका व्यवहाराला अनुक्रमे २०० आणि १,००० रुपयांच्या वर नाही. तुम्ही वरच्या गटात, म्हणून ८०,००० वर ७२०. लक्षात घ्या, ही मर्यादा जीएसटी सोडून आहे. करासकट ती १.०६ होते आणि मग लोकांना उगाच वाटतं की नियम मोडला. पण ०.९० ही कमाल आहे, ठरलेला दर नव्हे. इथे उतरायला जागा असते, आणि ती कुणी मागतच नाही.

खरी भीती असते ती डेबिटची ओळ क्रेडिटमध्ये जाऊन बसण्याची. माझ्या एका चपलांच्या दुकानवाल्याकडे हे झालं होतं. कार्डाच्या पहिल्या सहा-आठ आकड्यांवरून ते कोणत्या बँकेचं आणि कोणत्या प्रकारचं हे मशीनवाल्याच्या यादीत शोधलं जातं. ती यादी जुनी राहिली की नव्या मालिकेचं कार्ड सापडत नाही आणि ते ‘इतर’ म्हणून पडतं. त्या यादीत ‘इतर’चा दर महागच होता. दुकानदाराच्या भाच्याचं डेबिट कार्ड दर महिन्याला क्रेडिट म्हणून लागत होतं, म्हणून कळलं. तुम्हीही स्वतःच्या किंवा घरच्या डेबिट कार्डानं शंभर रुपयांचा व्यवहार करा आणि दुसऱ्या दिवशी `Card Type` मध्ये काय लिहून येतं ते पाहा.

प्रीमियमच्या ५०,००० वर तुम्हाला २.४० टक्के लागलंय. क्रेडिट कार्डावर रिझर्व्ह बँकेची अशी मर्यादा नाही, त्यामुळे हा दर तुमच्या तक्त्यात लिहिलेला आहे का, एवढाच प्रश्न. लिहिलेला असेल तर बोलून उपयोग नाही. नसेल तर फरक परत मागा: ५०,००० वर ०.६५ टक्के म्हणजे ३२५ रुपये, अधिक त्यावरचा कर. यातले सगळ्यात मोठे दोन-तीन व्यवहार निवडा आणि मशीनवाल्याला लेखी विचारा की हे कार्ड प्रीमियम किंवा व्यावसायिक गटात कशावरून धरलं. रिपोर्टमध्ये कार्डाचे पहिले सहा आणि शेवटचे चार आकडे बहुधा असतात, तेवढे त्यांना पुरतात. पूर्ण नंबर गिऱ्हाइकाकडून मागू नका, लिहूनही ठेवू नका.

यूपीआयवरचं रुपे क्रेडिट ही हल्लीची सगळ्यात फसवी ओळ. साउंडबॉक्स बोलतो ते यूपीआयसारखंच, गिऱ्हाईक स्कॅन करतं ते त्याच क्यूआरवर, आणि तुम्ही समजता की यूपीआय म्हणजे फुकट. फुकट आहे ते बँक खात्यातून आलेलं यूपीआय आणि रुपेचं डेबिट कार्ड. जानेवारी २०२० पासून त्यावर फी घ्यायला कायद्यानंच मनाई आहे. क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे दिले की मागे पुन्हा कार्डवाली बँक आणि तिचं इंटरचेंज आलंच. छोट्या दुकानदारांना २,००० पर्यंतच्या अशा व्यवहाराला सूट आहे. पण ८५ लाखांच्या उलाढालीवर तुम्ही त्या गटात बसत असाल असं मी धरणार नाही, मशीनवाल्याला विचारून घ्या.

आता चूक. ती मला एकच दिसली, आणि ती करात आहे. तुमच्या पाच फियांची बेरीज ४,८३०. तिचे १८ टक्के बरोबर ८६९.४०. म्हणजे प्रत्येक व्यवहाराच्या फीवर जीएसटी लावलाय, एकही वगळलेला नाही. पण एका व्यवहाराची रक्कम २,००० पर्यंत असेल तर कार्डाच्या सेटलमेंटबद्दल घेतलेल्या फीवर जीएसटी माफ आहे. तुमच्या दुकानात मिक्सरचं भांडं, एक्झॉस्ट फॅन, इस्त्री असं २,००० च्या आतलं काहीतरी कार्डावर विकलं गेलं असणारच. एक्सेलमध्ये रकमेवर २,००० चा फिल्टर लावा आणि त्या ओळींची फी बेरजेला घ्या. समजा ती ३८० निघाली, तर कर ४,४५० वरच, म्हणजे ८०१ यायला हवा होता. ६८.४० जास्त घेतले. रक्कम फुटकळ आहे, पण दर महिन्याला आणि सगळ्या दुकानांकडून जाते.

मशीन बँकेचं नसून एखाद्या पेमेंट कंपनीचं असेल तर तिथून उत्तर येतं, ‘ही सूट बँकांना आहे.’ डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीत हे स्पष्ट करायचं ठरलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या पेमेंट ॲग्रीगेटरनाही ही सूट लागू आहे. मात्र जे पैशाचं सेटलमेंट करत नाहीत, नुसती तांत्रिक सोय देतात, त्यांच्या फीला ती नाही. मशीनचं भाडंही यात येत नाही, त्यामुळे ४०० वर ७२ रुपये कर बरोबर आहे.

यापुढचं तुमच्या जीएसटी नोंदणीवर अवलंबून आहे. नियमित नोंदणी असेल तर फी आणि भाड्यावरचा कर तुम्हाला वजावट म्हणून परत मिळतो. अट एवढीच की मशीनवाल्याकडे तुमचा जीएसटी नंबर नोंदलेला हवा आणि त्यांचं बिल तुमच्या `GSTR-2B` मध्ये दिसायला हवं. कित्येकांचा नंबर तिथे भरलेलाच नसतो आणि वर्षानुवर्षं वजावट वाया जाते. ती मिळाली तर तुमचा खरा खर्च उरतो ४,८३० अधिक भाडं ४००, म्हणजे ५,२३०. तीन लाखांवर हे १.७४ टक्के. योगायोगच, पण तुमच्या माणसाच्या आकड्यावरच आलो. चुकून जास्त लावलेले ६८.४० मात्र वजावटीत घेऊन विषय संपवू नका, ते दुरुस्तच करून घ्या. कंपोझिशनमध्ये असाल तर वजावट नाही. मग सगळा कर तुमच्या खिशातून आणि २.०६ हाच तुमचा आकडा.

आणखी एक आकडा काढून ठेवा: सगळी सहा लाखांची डिजिटल विक्री धरली तर करासकट खर्च १.०३ टक्के पडतो. दुसरा मशीनवाला ‘आमचा सरसकट १.५ टक्के’ घेऊन आला तर त्याला विचारा, सरसकट म्हणजे कशावर? डेबिटवर ०.९० च्या वर त्याला जाताच येत नाही आणि खात्यातल्या यूपीआयवर काहीच घेता येत नाही. त्याचा दर फक्त क्रेडिटच्या ओळींना लावून बघा, मग तुलना करा.

घासाघीस कुठे करायची तेही या बेरजांतून दिसतं. साधं आणि प्रीमियम मिळून तुमचं क्रेडिट १,९०,०००. तिथे भांडून ०.१० टक्का कमी करून घेतलात तर महिन्याला १९० रुपये वाचतील. डेबिट ०.९० वरून ०.६० झालं तर २४०. आणि मशीनचं भाडं माफ झालं तर करासकट ४७२. माझ्या अनुभवात भाडं सगळ्यात लवकर सुटतं, कारण त्यात कार्डवाल्या बँकेचा वाटा नाही, निर्णय पूर्णपणे मशीनवाल्याचा. महिन्याला तीन लाखांच्या वर धंदा देणाऱ्या दुकानाला भाडं माफ व्हायला हरकत नसते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी विचारा. तेव्हा त्यांनाही व्यवहार हवे असतात.

दुकानाचा वर्ग एकदा बघून घ्या. त्याला एमसीसी म्हणतात, चार आकडी असतो. घरगुती उपकरणांच्या दुकानाचा `5722`. तो पावतीवर बहुधा छापत नाहीत. करारात किंवा मशीनवाल्याच्या ॲपमध्ये दुकानाच्या माहितीत सापडतो. माझ्या ओळखीच्या एका किराणावाल्याला `5411` च्या जागी `5999`, म्हणजे ‘किरकोळ, इतर’ लावला होता, आणि तो दीड वर्ष जास्त दर भरत होता. बदलून दिला, पण पुढच्या तारखेपासून. मागचं काही मिळालं नाही.

तुमच्याकडे नो-कॉस्ट ईएमआय चालत असेल तर त्याची कपात या हिशेबात मिसळू नका. ते व्याज कुणी सोसायचं याचं गणित आहे, कंपनी किती देते आणि तुम्ही किती, आणि त्याचा रकाना वेगळा असतो.

राहिलं गिऱ्हाइकाकडून २ टक्के घेण्याचं. डेबिट कार्डावरचा एमडीआर, म्हणजे तुमच्याकडून कापली जाणारी हीच फी, गिऱ्हाइकावर टाकायचा नाही, ही जबाबदारी रिझर्व्ह बँकेनंच बँकांवर टाकलीय. क्रेडिटवर तुमच्या करारात बहुधा तशी मनाई लिहिलेली सापडेल, आणि एका गिऱ्हाइकानं पावतीचा फोटो काढून तक्रार केली की मशीन बंद होऊ शकतं. मी तुमच्या जागी असतो तर काउंटरवर क्यूआर पुढे आणि मशीन मागे ठेवलं असतं. गिऱ्हाईक आपणहून कार्ड काढतं तेव्हा घ्या, तुम्ही होऊन ‘कार्ड आहे का?’ विचारू नका.

आणि विक्री वहीत लिहिताना १०,००० चा गिझर १०,००० लाच लिहा, खात्यात आलेल्या ९,७९३.५० ला नाही. फी आणि कर वेगळ्या खर्चात. तुमचा मुनीम निव्वळ रक्कम लिहीत असेल तर या प्रश्नापेक्षा मोठा प्रश्न जीएसटीच्या रिटर्नमध्ये वाट बघतोय.